पंखा घरघरतोय आणि हलतोयही: आधी बेअरिंग की आधी पाती?

निशा_ऐरोली

नमस्कार मंडळी. हॉलमधला ४८ इंची, तीन पात्यांचा साधा सीलिंग फॅन आहे. घर घेतलं तेव्हा बसवलेला, म्हणजे चांगला दहा-बारा वर्षांचा. दोनवर गुपचूप चालतो, चार-पाचवर टाकला की आत रेती अडकल्यासारखा आवाज येतो आणि सोबत डुलतोही. रॉडवरची वरची वाटी हलताना खालून दिसते.

एक इलेक्ट्रिशियन म्हणाला बेअरिंग गेलंय, उघडून बदलायचे सहाशे. दुसऱ्याने वर बघितलं न बघितलं आणि सांगितलं, पाती वाकलीत, नवीन पंखा घ्या. दोघांत खरं कोण?

घरी पान्यांचा सेट आहे, मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग मला येतं. नवरा पंखा धरायला तयार आहे, उघडायला नाही. स्वतः करण्यासारखं काम आहे का हे?

पाचपाखाडी_पक्या

एवढं काय त्यात! खालची वाटी वर सरकवा, रॉड जिथे मोटरमध्ये शिरतो तिथे मशीनचं तेल चार थेंब सोडा, पंखा जरा फिरवा. आवाज बंद. आमच्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईत हेच करतो. सहाशे रुपये कशाला घालवायचे?

डुलण्याचं म्हणाल तर कपॅसिटर बदलून बघा, वीक झाला असेल.

घोडबंदरचा_घारे

इतका जुना पंखा उघडून बसण्यापेक्षा बीएलडीसी घ्या. जुना पंचाहत्तर वॉट खातो, नवा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. बिलाच्या वरच्या स्लॅबमध्ये असाल तर फरक लगेच कळेल.

रबाळे_भाऊ

निशाताई, काम घरी होण्यासारखं आहे. मी रबाळे एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगच्या खात्यात आयुष्य काढलंय, पंखे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अजून येतात.

पण उघडायच्या आधी आवाज कुठला ते ठरवा. पंखा पाचवर टाका, पूर्ण वेग येऊ द्या, मग स्विच बंद करून कान द्या. स्विच पडताक्षणी आवाज थांबला तर तो विजेचा, म्हणजे रेग्युलेटर नाहीतर वाइंडिंगचा हम. पंखा नुसता वेगावर फिरत राहिला आणि घरघरही त्याच्याबरोबर हळूहळू उतरत गेली तर ती यांत्रिक. वीज बंद झाल्यावर कपॅसिटरचा काही संबंधच उरत नाही.

दुसरं, एमसीबी पाडून स्टुलावर चढा. एका हाताने रॉड घट्ट धरा, दुसऱ्याने मोटरची कड वरखाली हलवून बघा. रॉड न हलता बॉडी कट्‌ करून हलली तर बेअरिंग ढिलं आहे. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉडच्या बुडाशी टेकवा, मूठ कानाला लावा आणि नवऱ्याला सांगा पातं हाताने सावकाश फिरवायला. चांगलं बेअरिंग असेल तर जवळजवळ काही ऐकू येत नाही. गेलेलं असेल तर करकर थेट कानात येते.

पक्याभाऊ, तेलाने आवाज जातो हे खरं आहे, आठवडा-पंधरा दिवस जातो. पण ही बेअरिंगं बंद असतात, आत कारखान्यात ग्रीस भरलेलं असतं. पातळ तेल फटीतून आत शिरतं, उरलंसुरलं ग्रीस सैल करून बाहेर काढतं, आणि बाकीचं ओघळून वाइंडिंगवर जातं. तिथे धूळ चिकटून काळा लगदा होतो. दर दिवाळीला तेल घालावं लागतंय याचा अर्थ तुमचं बेअरिंग केव्हाच गेलंय.

नौपाड्याचे_आजोबा

भाऊंचं म्हणणं मला पटत नाही. माझ्या टेबलफॅनला मी पंचवीस वर्षं शिलाई मशीनचंच तेल घालतो आहे. मागची जाळी काढायची, शाफ्टपाशी दोन थेंब. अजून लोण्यासारखा चालतो. त्याची मान मात्र आता फिरत नाही, त्याला काय करावं?

रबाळे_भाऊ

आजोबा, तुमच्या टेबलफॅनला तेलच बरोबर. त्यात बेअरिंग नसून पितळी बुश असतं, त्याला तेल लागतंच, मागे नमदाही तेल धरून ठेवायलाच दिलेला असतो. निशाताईंचा पंखा छताचा आहे, त्यात बॉल बेअरिंग. मान फिरत नसेल तर मागच्या गिअरबॉक्समधला प्लॅस्टिकचा गिअर झिजला असेल. त्याचा वेगळा धागा काढा, सांगतो.

निशा_ऐरोली

भाऊ, दोन्ही करून बघितलं. स्विच बंद केल्यावर घरघर पंख्याबरोबरच मंदावत गेली, शेवटच्या फेऱ्यांत तर करकर एकेक सुटी ऐकू आली. कड हलवल्यावर बारीकसा कट्‌ लागतो. स्क्रूड्रायव्हरची युक्ती भारी आहे, कानाला अक्षरशः झिणझिण्या आल्या.

म्हणजे बेअरिंगवाला खरा. पण पाती वाकल्याचं म्हणणाराही खोटा नसेल ना? आधी नाणी चिकटवून डुलणं घालवू का? ते सोपं वाटतंय.

रबाळे_भाऊ

दोघेही खरे असू शकतात. घरघर बेअरिंगची असते. डुलणं बहुतेक वेळा पात्यांचं असतं, पण ढिलं बेअरिंग त्यात भर घालतं. म्हणून नाण्याला आत्ता हात लावू नका. बेअरिंगमध्ये खेळ आहे तोवर पंखा आज एका बाजूला कलतो, उद्या दुसऱ्या. आज लावलेलं नाणं बेअरिंग बदलल्यावर चुकीच्या पात्यावर निघेल.

उतरवायचं असं. खोलीची एमसीबी पाडा, नुसता स्विच नको. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर टाकलेला सापडतो, मग बंद पंख्यातही फेज उभी असते. वाटी सरकवल्यावर टेस्टरने खात्री करा. कपॅसिटरच्या दोन टोकांना मुठीचा स्क्रूड्रायव्हर एकदा लावून घ्या.

आधी पाती काढा. पातं लावलेला पंखा खाली घेताना दाराला, स्टुलाला धडकतो आणि डुलण्याचं नवीन कारण तयार होतं. काढायच्या आधी मार्करने पात्यावर १, २, ३ आणि मोटरवर समोरासमोर तेच आकडे घाला. ही तीन पाती कारखान्यात वजन जुळवून एका संचात घातलेली असतात, जागा बदलली की तोल बदलतो. मग वायरींचा फोटो काढा, कनेक्टर सोडवा. नवऱ्याने मोटर खालून दोन्ही हातांनी उचलून धरली की मग वरचा बोल्ट काढायचा, आधी नाही. स्प्लिट पिन वाकवून काढली ती फेकून द्या, लावताना नवीन घाला. तिथला रबरी रीळ कडक होऊन चिरला असेल तर तोही बदला, हलण्यात त्याचाही वाटा असतो.

वाशी_सेक्टर_९

मध्येच विचारतो. आमचा बीएलडीसी आहे, वॉरंटी संपल्या संपल्याच असाच आवाज द्यायला लागला. भाऊंनी सांगितलं तसंच उघडू का?

रबाळे_भाऊ

जरा थांबा. त्यात बेअरिंग बहुतेक याच मापाची असतात, पण रोटरला चुंबक असतात. कव्हर सुटताना ते स्टेटरला खेचून धरतात, बोट सापडतं नाहीतर चुंबकाचा टवका उडतो. शिवाय आत किंवा वाटीखाली सर्किट असतं. पहिलाच पंखा उघडत असाल तर बीएलडीसीवर शिकू नका. घारेसाहेब, हे तुमच्यासाठीही. वीज वाचते हे मान्य, पण बेअरिंग त्यातही जातं.

घोडबंदरचा_घारे

माझा अजून गेलेला नाही. गेला की इथेच येईन. :)

निशा_ऐरोली

पंखा खाली आला, रविवार सत्कारणी. वरचं आणि खालचं कव्हर कडेने तीन लांब स्क्रूंनी जोडलेलं आहे. उघडू का, की आधी काही खूण?

रबाळे_भाऊ

विचारलंत ते बरं केलंत. दोन्ही कव्हरांवरून आणि मधल्या रिंगवरून जाणारी एक उभी रेघ मार्करने ओढा. परत बसवताना ती जुळली पाहिजे. कव्हर मूळ जागी नसेल तर छिद्रं बसतात, पण बेअरिंगची केंद्रं एका रेषेत येतील याची खात्री नाही.

स्क्रू काढल्यावर लाकडी हातोडीने कडेने फिरत फिरत हलके टोले द्या, एका जागी जोर नको. कव्हर सुटलं की आत तांब्याचं वाइंडिंग असलेला स्टेटर दिसेल, शाफ्ट त्यातूनच आरपार जाते. सीलिंग फॅनमध्ये शाफ्ट स्थिर असते आणि बाहेरचं सगळं फिरतं, हे डोक्यात ठेवा. पुढे बेअरिंग बसवताना त्याचा उपयोग होईल. वायरी शाफ्टच्या पोकळीतून वर गेलेल्या असतात, स्टेटर त्यांना धरून उचलू नका. वाइंडिंग फरशीवर टेकवू नका, खाली जुनी उशी घ्या. तारेवरचं वार्निश एका खरवड्यात जातं आणि मग सगळी मोटर रिवाइंडला.

खालच्या कव्हरच्या खोबणीत लाटेसारखी वाकडी पातळ वॉशर मिळेल. बहुतेक वेळा ती जुन्या ग्रीसला चिकटून बसलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जपून ठेवा.

निशा_ऐरोली

मिळाली! कव्हर पालथं करून आपटलं तरी पडली नव्हती, टोकदार चिमट्याने उचकटून काढली. तुम्ही सांगितलं नसतं तर कव्हरचाच भाग समजून पुसून ठेवली असती.

आतलं वर्णन करते. दोन्ही बेअरिंगं शाफ्टवरच राहिली, कव्हरमधून सरकून बाहेर आली. वरच्यावर ६२०२ आणि खालच्यावर ६२०१ असं कोरलंय. वरचं बोटावर धरून फिरवलं तर बऱ्यापैकी मऊ फिरतं. खालच्याची बाहेरची रिंग फिरवली की प्रत्येक अर्ध्या इंचाला अडकते, आणि कडेच्या फटीतून तपकिरी कोरडी पूड बाहेर आली आहे, ग्रीस म्हणावं असं काही नाहीच. शाफ्टला धरून हलवलं तर ती रिंग दिसण्याइतकी डगडगते. स्टेटरच्या पत्र्यावर कुठे घासल्याचा चकचकीत पट्टा नाही.

फक्त खालचं बदललं तर चालेल?

रबाळे_भाऊ

पट्टा नाही हे उत्तम. स्टेटर आणि रोटरमध्ये फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते. बेअरिंग फार झिजलं की पत्रा पत्र्याला घासतो, तेव्हा तो पट्टा उमटतो आणि मोटर तापू लागते. तुम्ही वेळेत आहात.

दोन्ही बदला. उघडायचा त्रास एकदाच. वरचं आज मऊ असलं तरी वयाने दोघं सारखीच आहेत.

विकत घेताना आकडा बघूनच घ्या, "पंख्याचं द्या" असं सांगू नका. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११ मिलिमीटर. ६२०१ म्हणजे १२, ३२ आणि १०. कुठल्या पंख्यात दोन्ही ६२०२ निघतात, म्हणून आपलं आपण वाचायचं. झेडझेड घ्या, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं. मुंबईला जाणं असेल तर नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत. कुठेही घ्या, पण नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली माल भरपूर येतो. रिंगवरची अक्षरं पुसट किंवा बोटाला खरखरीत लागली तर परत करा.

मिलिंद_कळवा

झेडझेड का? आमच्या खाडीकडच्या बाजूला धूळ आणि दमट हवा इतकी की मी सगळीकडे रबर सीलवाली टूआरएस टाकतो. पत्र्याच्या झाकणाला फट असते, धूळ जातेच की.

रबाळे_भाऊ

फट असते हे बरोबर. पण रबराचा ओठ आतल्या रिंगवर घासतो, पंख्याच्या मोटरला ते ओझं जाणवतं. सुरुवातीला वेग थोडा कमी पडतो, एकवर टाकला तर सुटायला आळस करतो. काही महिन्यांत ओठ रुळतो. मी झेडझेडच घालतो.

मिलिंद_कळवा

माझे टूआरएसवाले पंखे एकवर सुटतात. असो, ज्याचा त्याचा अनुभव.

निशा_ऐरोली

जुनी निघाली. छोटा दोन पायांचा पुलर शेजारच्या गॅरेजवाल्यांनी दिला, पाय बेअरिंगच्या मागे अडकवून मधला स्क्रू फिरवला आणि शांतपणे वर आली. शाफ्ट शाबूत. आता नवीन बसवायची. हातोडी मारू नये एवढं कळतं, पण मग कसं?

रबाळे_भाऊ

इथे नव्याण्णव टक्के लोक नवं बेअरिंग घरीच मारतात, त्यामुळे सावकाश लिहितो.

बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं आणि कव्हरमध्ये सरकतं. म्हणजे जोर लागतो तो शाफ्टवर चढवताना, आणि तो आतल्या रिंगवरच पडला पाहिजे. बाहेरच्या रिंगवर टोला दिला तर तो सगळा गोळ्यांमधून आतल्या रिंगकडे जातो, आणि प्रत्येक गोळी आपल्या जागेवर बारीक खड्डा पाडते. डोळ्याला काही दिसत नाही. पंखा चालू केला की पहिल्या दिवसापासून गुणगुणतो आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो.

६२०२ साठी अर्ध्या इंची जीआय पाइपचा वीतभर तुकडा घ्या, प्लंबरकडे पडलेला असतो. तो १५ च्या शाफ्टवरून आरामात सरकतो आणि त्याची कड आतल्या रिंगवर बसते, पत्र्याच्या झाकणाला जेमतेम चुकवून. टोक सरळ कापलेलं हवं, कानसने घासून कीस पुसून टाका. ६२०१ ला हा पाइप मोठा होतो, झाकण चेपतो. तिथे पान्याच्या सेटमधलं एखादं सॉकेट बघा, ज्याचं भोक १२ वरून सरकेल आणि बाहेरची कड साधारण १८ च्या आत राहील.

शाफ्ट पुसून एक थेंब तेल लावा, इथे तेल चालतं. शाफ्टचं दुसरं टोक लाकडावर उभं टेका. बेअरिंग सरळ बसवून हाताने दाबा, मग पाइप ठेवून छोटे टोले. आवाज आधी पोकळ येतो, बेअरिंग खांद्याला टेकलं की भरीव येतो. तिथे थांबायचं.

पाचपाखाडी_पक्या

बेअरिंग गॅसवर गरम केलं तर फुगून आपोआप बसतं ना? गाड्यांचं असंच करतात.

रबाळे_भाऊ

फुगतं, तत्त्व बरोबर आहे. वर्कशॉपात इंडक्शन हीटरवर मोजून तापवतात. गॅसच्या आचेवर कुठे किती तापलं कळत नाही, आतलं ग्रीस जळतं आणि बंद बेअरिंगमध्ये नवीन भरता येत नाही. एवढ्या छोट्या मापाला गरजही नाही.

निशा_ऐरोली

बसली! भरीव आवाजाचं तुम्ही सांगितलं तसंच झालं, ठक्‌ वरून ठण्‌ झाला. खालच्याला १३ चं सॉकेट चाललं.

कव्हर लावून स्क्रू आवळले तर मोटर जाम. सैल केले की फिरते. काय झालं असेल?

रबाळे_भाऊ

वॉशर खोबणीत सपाट आहे का बघा, आणि मार्करची रेघ जुळतेय का. दोन्ही ठीक असतील तर कव्हर तिरकं खेचलं जातंय. तिन्ही स्क्रू पूर्ण सैल करा. मग पहिला अर्धा फेरा, दुसरा अर्धा फेरा, तिसरा अर्धा फेरा असं फिरत फिरत आवळा, आणि प्रत्येक चक्रानंतर बॉडी हाताने फिरवून बघा. जिथे अडखळेल तिथे त्या स्क्रूच्या समोरच्या बाजूला लाकडी हातोडीचा हलका टोला द्या, बेअरिंग खोबणीत सरळ होतं. जबरदस्तीने शेवटपर्यंत आवळत नेलं तर बेअरिंग तिरकंच अडकून राहील.

निशा_ऐरोली

रेघ जुळत होती, वॉशर एका बाजूने उभी राहिली होती. ग्रीसचं बोट लावून चिकटवली, मग टप्प्याटप्प्याने आवळलं. आता बोटाने ढकललं की मोटर आवाज न करता फिरत राहते. पंखा वर चढवला, पाती आपापल्या आकड्यावर लावली.

पाचवर घरघर शून्य. नवरा म्हणतो, चालू आहे की नाही ते वर बघून ठरवावं लागतं.

पण डुलतो अजून. आधीपेक्षा कमी, तरी वाटी हलताना दिसते.

रबाळे_भाऊ

आता नाण्याच्या गोष्टी करू. पण त्याआधी पट्टी.

पाती वरून ओल्या फडक्याने पुसा. पुढच्या कडेला धुळीचा थर जमतो, तीन पात्यांवर सारखा कधीच नसतो. पात्याचे स्क्रू आवळा. मग उंची मोजा. छतापासून मोजायची असेल तर एकाच जागी मोजा, छत सपाट असतं असं समजू नका. स्टूल हलवू नका, पातं फिरवून त्याच जागी आणा. तिन्ही टोकांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो.

शिवाय टोकापासून टोकाचं अंतर. तिन्ही अंतरं सारखी हवीत. ४८ इंची पंख्यात मध्यापासून टोक साठ सेंटीमीटर, म्हणजे शेजारच्या दोन टोकांत साधारण १०४ सेंटीमीटर यायला पाहिजेत.

निशा_ऐरोली

छतापासून: पहिलं ३१२, दुसरं ३१४, तिसरं ३२३ मिलिमीटर.
टोक ते टोक: १०४०, १०३८, १०४१.

तिसरं खाली लोंबलंय. म्हणजे "पाती वाकलीत" म्हणणाराही खरा निघाला!

रबाळे_भाऊ

एक वाकलंय. टोकांची अंतरं उत्तम आहेत, म्हणजे आडवं काही सरकलेलं नाही, फक्त उभं खाली गेलंय. पातं वाकवू नका, अ‍ॅल्युमिनियमला घडी पडली की ती जात नाही. पातं ज्या लोखंडी पट्टीवर बसतं ती बघा. आधी तिचे मोटरकडचे स्क्रू काढून खाली कचरा किंवा दुमडलेली वॉशर आहे का बघा. ते नसेल तर पट्टी मानेपाशी दोन्ही हातांनी हळूच वर घ्या, थोडी थोडी, दर वेळी मोजत.

निशा_ऐरोली

वॉशर नीट होती. पट्टीच वाकली होती, बहुधा रंगारी आले होते तेव्हाची. आता ३१२, ३१४, ३१५.

फरक प्रचंड. वाटी स्थिर दिसते. पाचवर रॉडला अगदी किंचित थरथर उरली आहे. आता नाणं लावू?

रबाळे_भाऊ

लावा. एक रुपयाचं घ्या, चारेक ग्रॅमचं असतं. पहिल्या पात्याच्या वरच्या बाजूला, लांबीच्या मध्यावर, सेलोटेप चारी बाजूंनी गुंडाळून चिकटवा. पूर्ण वेगावर चालवा आणि पंख्याखाली उभं राहू नका, सुटलेलं नाणं डोळा घेईल. मग तेच नाणं दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. कशावर सुधारतं, कशावर बिघडतं ते लिहून ठेवा.

निशा_ऐरोली

पहिल्यावर बिघडलं, स्पष्ट. दुसऱ्यावर बरंच सुधारलं. तिसऱ्यावर थोडं सुधारलं.

रबाळे_भाऊ

म्हणजे पहिलं पातं जड आणि हलकी बाजू दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, दुसऱ्याकडे झुकलेली. नाणं दुसऱ्यावर ठेवा आणि टोकाच्या दिशेने चार-चार बोटं सरकवत बघा. वजन तेच, पण बाहेर गेलं की परिणाम वाढतो. एका जागी सर्वात शांत होईल, तिच्यापुढे पुन्हा वाढेल. तिथून थोडं मागे आणा. एम-सीलचा पातळ थर देऊन पक्कं करा. एम-सीललाही वजन आहे, नाण्याएवढा गोळा थापू नका.

निशा_ऐरोली

टोकापासून वीतभर आत सर्वात शांत. पाण्याचा ग्लास खाली टेबलावर ठेवून बघावंसं वाटलं होतं, पण तो पंख्याच्या वाऱ्यानेच हलेल, म्हणून रॉडला बोट लावून बघितलं. जवळपास काहीच नाही. तिनावर मात्र बारीक गुंsss असा आवाज येतो, चार-पाचवर नाही.

रबाळे_भाऊ

स्विच बंद केल्याक्षणी जातो का?

निशा_ऐरोली

हो, लगेच.

रबाळे_भाऊ

मग तो विजेचा. रेग्युलेटर कुठला आहे? गोल फिरणारा, कुठेही थांबतो असा असेल तर मधल्या वेगाला ते गुणगुणतातच. पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला लावलात तर कमी होईल.

निशा_ऐरोली

कुठेही थांबणाराच आहे. बदलून बघते.

मिलिंद_कळवा

भाऊ, माझा प्रश्न राहिलाच. मी आज एक जुना पंखा उघडला. बेअरिंगची बाहेरची रिंग वरच्या कव्हरच्या खोबणीत बोटाने गोल फिरते, आत चकचकीत घासल्याची खूण आहे. नवीन बेअरिंगही तसंच सैल बसतं. मेकॅनिक म्हणाला खोबणीत पंच मारून देतो.

रबाळे_भाऊ

बाजारात सगळे पंचच मारतात. सेंटर पंचने खोबणीच्या भिंतीत टिंबं पाडली की धातू वर उठतो आणि बेअरिंग घट्ट वाटतं. पण ते त्या टिंबांच्या टोकांवरच बसलेलं असतं, अ‍ॅल्युमिनियम मऊ, काही महिन्यांत टोकं चेपतात. शिवाय मध्य सरकू शकतो आणि स्टेटर-रोटरमधली फट अर्ध्या मिलिमीटरचीही नसते, हे वर लिहिलंच. फार सैल नसेल तर बेअरिंग बसवायचं लॉकिंग केमिकल मिळतं, ते मला जास्त पटतं. त्याच मॉडेलचं कव्हर मिळालं तर प्रश्नच मिटला.

पाचपाखाडी_पक्या

आमच्या आत्याच्या पंख्याला पंच मारलाय, पाच-सहा वर्षं झाली, ठणठणीत आहे. आणि केमिकलने पुढच्या वेळी बेअरिंग निघेल का?

रबाळे_भाऊ

कव्हर हीट गनने चांगलं तापवलं की निघतं. पंचवाले टिकलेलेही मी बघितलेत, नाही म्हणत नाही. मिलिंद, खोबणीत बेअरिंग ठेवून किती हलतंय? फीलर गेज असेल तर आकडा सांगा. पाव मिलिमीटरपर्यंत सैल असेल तर केमिकल, त्याच्या वर असेल तर कव्हर शोधा.

मिलिंद_कळवा

गेज नाही. शनिवारी वागळे इस्टेटला मित्राच्या वर्कशॉपवर जातोय, तिथे मोजून लिहितो.